क्लेम रेशो वाढला, आता आरओला काय लिहायचं? नव्या ब्रँच मॅनेजरसाठी मासिक टिपणाची पद्धत

सर्वसाधारण विम्याच्या शाखेची सूत्रं हाती आली की पहिल्या महिन्याअखेर रिजनल ऑफिसकडून मेल येतो: 'तुमच्या शाखेचा इन्कर्ड क्लेम रेशो ९७ टक्के झाला आहे. कारणे व उपाययोजना कळवा.' नवा मॅनेजर मग घाईने उत्तर पाठवतो की पावसामुळे गाड्यांचे क्लेम वाढले, मोठा टीपी क्लेम आला, यापुढे काळजी घेऊ. या उत्तराचा वाचणाऱ्याला काहीच उपयोग होत नाही. रेशो वाढल्याचं त्याला आधीच ठाऊक असतं. त्याला हवं असतं ते हे की आकडा नेमका कुठल्या फाइलींनी हलवला, त्यातलं पुढच्या महिन्यात पुन्हा येणारं किती, आणि शाखेच्या हातात काय आहे.

हे टिपण कसं तयार करायचं ते एक पूर्ण उदाहरण घेऊन सांगतो. शाखा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची धरू. गाड्यांचा धंदा जास्त, साखर कारखान्याची एक ग्रुप मेडिक्लेम, थोडी फायर. महिना सप्टेंबरचा. आकडे समजावण्यासाठी मांडलेले आहेत, पण अशा शाखेत ते साधारण असेच दिसतात.

आधी आकडा स्वतः काढा

सिस्टिममधून आलेला रेशो तसाच उचलू नका. तो कागदावर एकदा स्वतः काढा, कारण अर्धी कारणं तो काढतानाच सापडतात.

वरची बाजू म्हणजे इन्कर्ड क्लेम. महिन्यात दिलेली रक्कम, अधिक महिनाअखेरचं आउटस्टँडिंग, वजा महिन्याच्या सुरुवातीचं आउटस्टँडिंग. खालची बाजू म्हणजे अर्न्ड प्रीमियम. इथे नव्या माणसाची पहिली गडबड होते. महिन्यात जमा झालेला प्रीमियम म्हणजे अर्न्ड प्रीमियम नव्हे. १२,००० रुपयांची वर्षाची पॉलिसी विकली, तर त्यातले साधारण हजार रुपयेच या महिन्याचे, कारण जोखीम वर्षभर पसरलेली आहे. आपल्या शाखेत सप्टेंबरात ८८ लाखांचा प्रीमियम लिहिला गेला, पण अर्न्ड आहे १२० लाख. कोणी ८८ लाखांनी भागलं तर रेशो १३२ टक्के दिसेल आणि उगाच धावपळ होईल. मार्चमध्ये याच्या उलट होतं. वर्षअखेरीच्या रेट्यात धंदा भरपूर लिहिला जातो, लिहिलेल्या प्रीमियमने भागलं की रेशो छान दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात.

आपल्या शाखेचा सप्टेंबर असा आहे (सर्व रक्कम लाखांत):

| विभाग | अर्न्ड प्रीमियम | दिलेले क्लेम | सुरुवातीचं आउटस्टँडिंग | अखेरचं आउटस्टँडिंग | इन्कर्ड | रेशो |
|---|---|---|---|---|---|---|
| मोटर ओडी | ३४ | २५ | १८ | २२ | २९ | ८५% |
| मोटर टीपी | ३८ | २० | ४१० | ४४६ | ५६ | १४७% |
| हेल्थ | ३० | २८ | ९ | १० | २९ | ९७% |
| फायर व इतर | १८ | ३ | २२ | २१ | २ | ११% |
| एकूण | १२० | ७६ | ४५९ | ४९९ | ११६ | ९७% |

या तक्त्याखाली एक ओळ नक्की लिहा की हे आकडे रिइन्शुरन्सच्या आधीचे आहेत आणि यात आयबीएनआर धरलेला नाही. घडलेल्या पण अजून कळवल्या न गेलेल्या क्लेमची ही तरतूद मुख्य कार्यालयात अ‍ॅक्च्युअरी करतात, शाखेच्या पातळीवर ती नसते. ही ओळ नसेल तर आरओचा आकडा आणि तुमचा आकडा जुळत नाही, आणि पहिले दोन फोन त्यातच जातात.

आता तक्ता आडवा न वाचता आउटस्टँडिंगच्या दोन रकान्यांकडे बघा. दिलेले क्लेम ७६ लाख, म्हणजे अर्न्ड प्रीमियमच्या ६३ टक्के. उरलेला सगळा बोजा आउटस्टँडिंग ४० लाखांनी वाढल्याने आला आहे, आणि त्या ४० पैकी ३६ टीपीतले आहेत. म्हणून तपास टीपीपासून सुरू करायचा.

टीपीच्या फाइली उघडा

टीपीचं आउटस्टँडिंग ४१० वरून ४४६ झालं, एवढं लिहून भागत नाही. ते कसं झालं याचा हिशेब लावायचा. महिन्यात नव्याने नोंदलेल्या मोटर अपघात न्यायाधिकरणाच्या अर्जांसाठी ३२ लाखांची प्रोव्हिजन झाली. एका जुन्या फाइलची प्रोव्हिजन २७ लाखांनी वाढवली. ज्या फाइली निकाली निघाल्या, त्यांची २३ लाखांची प्रोव्हिजन सुटली आणि त्यांवर प्रत्यक्षात २० लाख दिले. ४१० अधिक ३२ अधिक २७ वजा २३ म्हणजे ४४६. हिशेब बसला. हा असा बसला नाही तर पुढे जाऊ नका. बहुधा एखादी फाइल दोनदा नोंदलेली असते, किंवा पैसे दिले पण प्रोव्हिजन सोडायची राहिलेली असते.

आता ती २७ लाखांची फाइल. विमा असलेल्या ट्रकने गेल्या वर्षी एका मोटरसायकलस्वाराला धडक दिली होती. नोटीस आली तेव्हा कागदपत्रं नव्हती, म्हणून कंपनीच्या नियमाप्रमाणे ५ लाखांची ठरावीक प्रोव्हिजन टाकली गेली. सप्टेंबरात वकिलांकडून उत्पन्नाचा पुरावा, वयाचा दाखला आणि वारसांची माहिती आली. मृत व्यक्तीचं वय ३४, स्वतःचा व्यवसाय, महिन्याचं उत्पन्न १५,०००, अवलंबून असलेली माणसं चार: पत्नी, दोन मुलं, आई.

असा दावा किती रकमेचा ठरेल, याचा अंदाज शाखेतही काढता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत पद्धत घालून दिली आहे. वर्षाचं उत्पन्न १,८०,०००. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरायचे, झाले २,५२,०००. चार अवलंबित असल्याने स्वतःच्या खर्चाची एक चतुर्थांश वजावट, उरले १,८९,०००. ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६, म्हणजे ३०,२४,०००. त्यावर सहवासाची हानी, संपत्तीची हानी आणि अंत्यसंस्काराचा खर्च मिळून दोन लाखांच्या आसपास. एकूण ३२ लाख. प्रोव्हिजन ५ ची ३२ का झाली, हे रिजनल हेडला या चार ओळींत दाखवता येतं. 'फाइलची समीक्षा करून प्रोव्हिजन वाढवली' असं लिहिलं की त्याला पुन्हा विचारावं लागतं.

ही फाइल बाजूला काढली तर रेशो काय राहतो, हेही लगेच काढा. ११६ मधून २७ गेले, ८९ राहिले. १२० ने भागले तर ७४ टक्के. ऑगस्टचा रेशो ७३ होता.

इथे बरेच मॅनेजर थांबतात. 'एका फाइलमुळे झालं, बाकी सगळं ठीक' असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका, कारण दोन गोष्टी अजून बघायच्या आहेत.

पहिली म्हणजे हा अपघात गेल्या वर्षीचा आहे. या २७ लाखांवरून आज आपण कसा धंदा घेतोय हे काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच की आपली प्रोव्हिजन वर्षभर कमी पडलेली होती. मग प्रश्न येतो की अशा आणखी किती फाइली ५ लाखांवर बसल्या आहेत? यादी काढा. मृत्यूचे दावे, कागदपत्रं आलेली, पण प्रोव्हिजन अजून ठरावीकच. आपल्या शाखेत अशा चार फाइली सापडल्या. त्यांची समीक्षा ऑक्टोबरात होईल आणि आउटस्टँडिंग आणखी ३० ते ४० लाखांनी वाढू शकतं. ही बातमी ऑक्टोबरचा आकडा फुटल्यावर देण्यापेक्षा आत्ताच द्यायची. रिजनल हेडला झोनला उत्तर द्यावं लागतं, आणि महिनाभर आधी माहीत असलेला वाईट आकडा त्याला सांभाळता येतो.

दुसरी गोष्ट, ७४ टक्क्यांच्या आत काय दडलं आहे? फायरचा महिना फार चांगला गेला म्हणून एकूण आकडा सावरला. मोटर ओडी मात्र ८५ वर गेला आहे. शाखेच्या धंद्याचा खरा प्रश्न तिथे आहे.

ओडीची तुलना गेल्या सप्टेंबरशी करा

ओडीची तुलना ऑगस्टशी करून फारसं हाती लागत नाही. पावसाळ्यात खड्डे, घसरलेल्या गाड्या, इंजिनात गेलेलं पाणी, गणपतीतली वर्दळ, हे सगळं दरवर्षी येतं. म्हणून सप्टेंबरची तुलना गेल्या सप्टेंबरशीच करायची. तेव्हा रेशो ६८ होता. पाऊस दोन्ही वर्षी पडला, तरी १७ टक्के जास्त का?

इन्कर्ड रक्कम दोन भागांत तोडा: क्लेम किती आले आणि सरासरी किती रुपयांचा क्लेम बसला. गेल्या सप्टेंबरात ६२ क्लेम, सरासरी ३६,०००, एकूण २२.३ लाख. या सप्टेंबरात ६४ क्लेम, सरासरी ४५,००० च्या जवळ, एकूण २९ लाख. म्हणजे क्लेमची संख्या जवळपास तेवढीच आहे, एकेक क्लेम महाग झाला आहे. पावसाचं कारण इथेच गळून पडतं, कारण पावसाने वाढते ती मुख्यतः संख्या.

मग सरासरी कुठे वाढली? वर्कशॉपनुसार यादी लावा. आपल्या शाखेत एका डीलरच्या वर्कशॉपचे गेल्या वर्षी २१ क्लेम होते, सरासरी ४३,०००. यंदा २७, सरासरी ५८,०००. बाकी सगळ्या गॅरेजांचे मिळून गेल्या वर्षी १३.३ लाख झाले होते, यंदाही १३.३ लाखच. ओडीतली वाढ ६.७ लाखांची आहे, त्यातली ६.६ लाख एकाच वर्कशॉपमधून आली आहे.

आता ते २७ सर्व्हे रिपोर्ट स्वतः वाचायला बसा. एवढ्या कागदांना एक दुपार पुरते, आणि टिपणातली सगळ्यात भक्कम ओळ तिथूनच मिळते. चार गोष्टी टिपत जा: झिरो डेप आहे का, पार्ट दुरुस्त केला की बदलला, त्याच पॉलिसीवर आधी क्लेम झालाय का, आणि सर्व्हेअर कोण.

आपल्या २७ पैकी १९ गाड्या झिरो डेपच्या निघाल्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, त्यामुळे बंपर बदलायचा म्हटला की गाडीवाल्याच्या खिशातूनही निम्मे जातात आणि दुरुस्तीचा विचार होतो. झिरो डेपमध्ये ही कात्री नाही. बंपरला चीर गेली, हेडलॅम्पचा एक लग तुटला, की सरळ नवा भाग बसतो. कव्हर विकताना हेच वचन आपण दिलेलं असतं, त्यामुळे ग्राहकाची यात काही चूक नाही. बघायचं एवढंच की दुरुस्त होण्यासारखा भाग बदलला गेला का, आणि बदलल्याचं बिल लावून प्रत्यक्षात दुरुस्तच केला का. शिवाय ८ गाड्यांचा त्याच पॉलिसीवरचा हा दुसरा क्लेम होता, आणि २२ सर्व्हे एकाच सर्व्हेअरचे होते.

या शेवटच्या आकड्याबद्दल सांभाळून लिहा. वर्कशॉपजवळ राहणाऱ्या सर्व्हेअरकडे कामं जास्त जाणं स्वाभाविक आहे. '२७ पैकी २२ सर्व्हे एका सर्व्हेअरकडे होते, पुढील महिन्यापासून आळीपाळीने देत आहोत' इतकंच लिहायचं. संशयाची भाषा, जुन्या बिलांची चौकशी वगैरे काही असेल तर ते वेगळं पत्र आणि वेगळा विभाग. मासिक टिपणात पुराव्याशिवाय कोणावर बोट ठेवू नका.

हेल्थवर आज चार ओळी पुरे

हेल्थ ९७ टक्के आहे आणि त्यात कारखान्याची ग्रुप पॉलिसी त्याहून वर आहे. वार्षिक प्रीमियम ९६ लाख, पॉलिसी १ फेब्रुवारीपासून. सप्टेंबरअखेर आठ महिन्यांत ६४ लाख अर्न झाले आणि इन्कर्ड ७१ लाख, म्हणजे १११ टक्के. चालू पॉलिसीत शाखेला फारसं काही करता येत नाही, अटी वर्षभरासाठी बांधलेल्या आहेत. करायचं ते रिन्यूअलच्या वेळी, पण तयारी आत्तापासून.

७१ लाखांना आठने भागून बाराने गुणलं तर वर्षाचे क्लेम १०६.५ लाख होतील. रेशो ९० वर आणायचा तर प्रीमियम ११८ लाखांच्या आसपास हवा, म्हणजे २३ टक्के वाढ, आणि त्यात हॉस्पिटलांचे वाढते दर अजून धरलेले नाहीत. कारखाना एवढी वाढ मान्य करणार नाही हे उघड आहे. म्हणून वाढीसोबत दुसरा पर्याय ठेवावा लागतो: आई-वडिलांच्या क्लेमवर को-पे, किंवा खोलीभाड्याला मर्यादा. त्यासाठी टीपीएकडून कर्मचारी, पती-पत्नी व मुलं, आणि आई-वडील असा वेगवेगळा क्लेमचा तक्ता ऑक्टोबरातच मागवा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मागितला तर वाटाघाटीला वेळच उरत नाही आणि जुन्याच दराने पॉलिसी द्यायचा आग्रह होतो.

उपाय म्हणजे काय, आणि काय नव्हे

उपाययोजनेच्या मथळ्याखाली 'क्लेम पेमेंटवर नियंत्रण ठेवू' हे वाक्य मी पुष्कळ टिपणांत वाचलं आहे. ते काढून टाका. पेमेंट थांबवलं तर दिलेली रक्कम कमी होते, पण तीच रक्कम आउटस्टँडिंगमध्ये राहते आणि इन्कर्ड जिथल्या तिथे. वर ग्राहक ताटकळतो आणि उशिराबद्दल व्याज द्यावं लागतं ते वेगळंच. टीपीत तर व्याज अर्जाच्या तारखेपासून चढतं. ३२ लाखांच्या दाव्यावर न्यायाधिकरणाने साडेसात टक्के धरले तर दर वर्षाला २ लाख ४० हजार. प्रोव्हिजन मुद्दाम कमी ठेवणं हाही उपाय नाही. वर आपण पाहिलेल्या २७ लाखांसारखी उडी त्यातूनच येते.

खरा उपाय लिहिताना चार गोष्टी लागतात: काय करणार, कोण करणार, कधीपासून, आणि त्याने आकड्यात किती फरक पडेल. शेवटची गोष्ट सगळे टाळतात, पण तिच्याशिवाय रिजनल हेडला उपायाचं वजन कळत नाही.

आपल्या ओडीचं उदाहरण घेऊ. डीलर वर्कशॉपच्या ३०,००० वरच्या प्रत्येक क्लेमला पैसे सोडण्याआधी फेरतपासणी: आपला इंजिनिअर जाऊन काढलेला जुना भाग आणि बसवलेला नवा भाग दोन्ही बघेल, फोटो फाइलला लावेल. सर्व्हे आळीपाळीने. यामुळे वर्कशॉपची सरासरी ५८,००० वरून ५०,००० वर आली, तर २७ क्लेमवर २.१६ लाख वाचतात. म्हणजे ओडीच्या रेशोत सुमारे ६ टक्के, शाखेच्या एकूण रेशोत पावणेदोन टक्के. आकडा लहान वाटेल, पण खरा आहे.

दुसरा उपाय प्रीमियमच्या बाजूचा. ज्या गाडीचे वर्षात दोन क्लेम झाले, तिला रिन्यूअलला ओडीवरचा डिस्काउंट कमी. इथे एक गोष्ट साफ लिहावी लागते. क्लेमच्या बाजूचा उपाय पुढच्या महिन्यापासून दिसतो. प्रीमियमच्या बाजूचा दिसायला वर्ष लागतं. नोव्हेंबरपासून डिस्काउंट बदलला तरी नोव्हेंबरच्या अर्न्ड प्रीमियममध्ये जवळपास सगळ्या जुन्याच पॉलिसी असतात; नव्या दराची पॉलिसी महिन्याला बाराव्या हिश्शाने आत येते. हे आधी सांगितलं नाही, तर डिसेंबरात 'डिस्काउंट कमी करूनही फरक का नाही?' हा प्रश्न ठरलेला.

शाखेच्या हाताबाहेरचं वेगळं लिहा. टीपीचे दर केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवतं आणि टीपी कव्हर कोणाला नाकारता येत नाही, म्हणून 'ट्रकांचा टीपी घेणं बंद करू' हा पर्यायच नाही. शाखा करू शकते ते इतकंच: ड्रायव्हरच्या लायसन्सची आणि गाडीच्या परमिटची आरटीओकडून वेळेत खातरजमा करून वकिलांना देणं, आणि तडजोडीजोग्या फाइली राष्ट्रीय लोक अदालतीसाठी सुचवणं. डीलरशी मजुरी आणि पेंटिंगचे दर ठरवणंही बहुधा शाखेच्या अधिकारात नसतं, करार कंपनीच्या पातळीवर असतो. ते आरओकडे मागा, स्पष्ट शब्दांत.

टिपण

आता लिहायला बसा. एक पान, तक्ता सोबत जोडलेला. निष्कर्ष पहिल्या दोन वाक्यांत, कारण अशी वीसेक टिपणं एकाच सकाळी वाचली जातात. आपल्या शाखेचं टिपण असं होईल:

> मा. रिजनल मॅनेजर यांस,
>
> विषय: सप्टेंबर महिन्याचा इन्कर्ड क्लेम रेशो
>
> सप्टेंबरचा रेशो ९७% आहे (ऑगस्ट ७३%). एप्रिलपासूनचा रेशो ७६ वरून ७९% झाला. एका टीपी फाइलच्या प्रोव्हिजनमध्ये २७ लाखांची वाढ झाली. ती वगळता रेशो ७४% आहे. मात्र मोटर ओडी ८५% असून (गेला सप्टेंबर ६८%) ती वाढ टिकणारी आहे.
>
> टीपी: गेल्या वर्षीच्या अपघाताची प्रोव्हिजन कागदपत्रे आल्यावर ५ वरून ३२ लाख केली. हिशेब सोबत जोडला आहे. ठरावीक प्रोव्हिजनवरील आणखी ४ मृत्यूदाव्यांची समीक्षा ३१ ऑक्टोबरपर्यंत होईल. आउटस्टँडिंग ३० ते ४० लाखांनी वाढण्याची शक्यता असून ऑक्टोबरचा रेशोही त्यामुळे चढा राहील.
>
> ओडी: क्लेमची संख्या जवळपास तेवढीच (६२ ऐवजी ६४), सरासरी ३६,००० वरून ४५,०००. ६.७ लाखांच्या वाढीपैकी ६.६ लाख एका डीलर वर्कशॉपमधून. तेथील २७ पैकी १९ क्लेम झिरो डेपचे, ८ गाड्यांचा दुसरा क्लेम.
>
> शाखेची कार्यवाही: (१) या वर्कशॉपच्या ३०,००० वरील क्लेमची पेमेंटपूर्वी फेरतपासणी, १० ऑक्टोबरपासून, क्लेम्स इंजिनिअर. अपेक्षित परिणाम: ओडी रेशोत सुमारे ६%. (२) सर्व्हे आळीपाळीने, त्याच तारखेपासून, क्लेम्स विभागप्रमुख. (३) दोन क्लेम झालेल्या गाड्यांच्या रिन्यूअल डिस्काउंटमध्ये कपात, १ नोव्हेंबरपासून, अंडररायटर. पूर्ण परिणामास १२ महिने. (४) कारखान्याच्या ग्रुप पॉलिसीसाठी (१११%) टीपीएकडून गटनिहाय तक्ता ३१ ऑक्टोबरपर्यंत, रिन्यूअल प्रस्ताव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.
>
> आपल्याकडून विनंती: (अ) डीलरशी मजुरी व पेंटिंगच्या दरांबाबत आरओ पातळीवर बोलणी. (आ) वरील टीपी दावा पुढील लोक अदालतीत ठेवण्यास संमती.

यात पावसाचा उल्लेख नाही हे लक्षात घ्या. आकडे त्याला दुजोरा देत नव्हते म्हणून तो गळला. इंजिनात पाणी गेल्याचे पंधरा क्लेम असते, तर तो यायलाच हवा होता, संख्येसकट.

पुढच्या महिन्यात

ऑक्टोबरच्या टिपणाचा पहिला परिच्छेद सप्टेंबरच्या कार्यवाहीचा असावा. फेरतपासणी किती क्लेमची झाली, किती ठिकाणी बिल कमी झालं, वर्कशॉपची सरासरी किती आली. सरासरी ५०,००० पर्यंत आली नाही, ५५,००० वरच राहिली, तर तसं लिहा आणि फाइलींत काय दिसलं तेही लिहा. समजा जुने भाग खरंच बदलण्यासारखेच निघाले, तर वर्कशॉपकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. झिरो डेपचा दरच त्या गाड्यांना कमी पडतोय असा त्याचा अर्थ होतो, आणि मग आरओकडे मजुरीच्या दराऐवजी झिरो डेपच्या दराचा फेरविचार मागावा लागेल.

एका महिन्यात २७ क्लेम हा नमुना छोटा आहे. एकच गाडी टोटल लॉसला गेली तरी सरासरी हलते. म्हणून वर्कशॉपची सरासरी दर महिन्याला तर द्याच, पण शेजारी मागच्या तीन महिन्यांची एकत्र सरासरीही द्या, आणि टोटल लॉसच्या फाइली त्यातून बाजूला काढून खाली वेगळ्या दाखवा. उपाय लागू पडतोय की नाही, हे डिसेंबरअखेरच्या तीन महिन्यांच्या सरासरीवरून ठरवता येईल.